पीएस४ वरून पीएस५ वर जाताना सेव्ह आणि विकत घेतलेले गेम्स कसे न्यायचे: कामाचा क्रम, चुका आणि तपासण्या

नवीन पीएस५ आला की बहुतेक जण पहिल्या तासातच गडबड करून ठेवतात. जुना कन्सोल विकायला काढतात नाहीतर फॉरमॅट मारून भावाला देतात आणि मग चार दिवसांनी विचारतात की माझा ऐंशी तासांचा सेव्ह कुठे गेला, गेम तर डाउनलोड झाला पण आत New Game सोडून काही दिसतच नाही. हे टाळता येतं, फक्त कामं ठरलेल्या क्रमाने करायला लागतात. इथे मी फक्त पीएस४ ते पीएस५ हाच प्रवास घेतोय कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं त्यावरच चालतं. तुम्ही विकत घेतलेले डिजिटल गेम तुमच्या पीएसएन अकाउंटला जोडलेले असतात, ते कन्सोलमध्ये नसतात. सेव्ह मात्र कन्सोलच्या आतल्या डिस्कवर असतो. म्हणजे गेम "ट्रान्सफर" नाही केला तरी तो परत डाउनलोड होतो, पण सेव्हची कॉपी कुठे नसेल आणि कन्सोल फॉरमॅट झाला तर विषय संपला. लोक नेमकं उलटं करतात, शंभर जीबीचे गेम हलवत बसतात आणि काही एमबीचा सेव्ह विसरतात.

## १. पीएस४ वर आधीची तयारी

नवीन कन्सोलचा बॉक्स उघडायच्या आधी हे करा.

पीएस४ चं सिस्टम सॉफ्टवेअर अपडेट करा आणि जे गेम पुढे खेळायचेत ते सुद्धा अपडेट करून घ्या. गेम अपडेट करणं लोक टाळतात, पण काही गेममध्ये सेव्ह पाठवायचा ऑप्शनच नंतरच्या अपडेटमध्ये आलाय, जुन्या व्हर्जनमध्ये तो मेनूत दिसणारच नाही.

मग बघा की तुम्ही नक्की कुठल्या अकाउंटवर खेळताय. घरात एकाच कन्सोलवर दोन-तीन युजर असतात, गेम एकाने विकत घेतलेला असतो आणि खेळत दुसराच असतो. अशा वेळी खरेदी एका अकाउंटला आणि सेव्ह दुसऱ्या अकाउंटला बांधलेला असतो. पीएस५ वर दोन्ही अकाउंट साइन इन करावे लागतील, नाहीतर एकतर गेम दिसेल किंवा सेव्ह, दोन्ही एकत्र दिसणार नाहीत. सेव्ह एका अकाउंटवरून दुसऱ्यावर हलवायची सोय नाही, त्यामुळे "नवीन कन्सोल आहे तर नवीन आयडी काढू" हा विचार सोडून द्या.

पासवर्ड आठवतोय का, अकाउंटचा ईमेल अजून चालू आहे का, टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा कोड ज्या नंबरवर येतो तो नंबर हातात आहे का, हे आत्ताच बघून घ्या. पीएस४ वर वर्षानुवर्षं लॉग इन राहिल्यामुळे पासवर्ड विसरलेले लोक खूप आहेत, आणि ते कळतं नेमकं नवीन कन्सोल समोर असताना.

शेवटी ट्रॉफी सिंक करा. ट्रॉफीच्या लिस्टमध्ये जाऊन Options दाबलं की PlayStation Network शी सिंक करायचा ऑप्शन मिळतो.

तपासा: पीएस४ वर तुमच्या युजरने लॉग इन करून Library मध्ये Purchased उघडा. पुढे जे हवेत ते सगळे डिजिटल गेम तिथे दिसले पाहिजेत. जो दिसत नाही तो एकतर डिस्कवरचा आहे, नाहीतर दुसऱ्या अकाउंटवरचा.

## २. सेव्हची कॉपी, आणि तीही आधी

सेव्ह नेण्याचे तीन मार्ग आहेत: पेन ड्राइव्ह, पीएस प्लसचं क्लाउड, आणि दोन्ही कन्सोल नेटवर्कवर जोडून थेट ट्रान्सफर. माझं स्पष्ट मत आहे की पुढे कुठलाही मार्ग घ्या, पेन ड्राइव्हची कॉपी आधी काढाच. ती फुकट आहे, सबस्क्रिप्शन लागत नाही, आणि बाकी काहीही बिघडलं तरी तुमच्या हातात राहते.

पेन ड्राइव्ह exFAT किंवा FAT32 मध्ये फॉरमॅट केलेला पाहिजे. NTFS असेल तर पीएस४ तो ओळखणार नाही. मग पीएस४ वर असं जा:

```
Settings > Application Saved Data Management
> Saved Data in System Storage
> Copy to USB Storage Device
```

गेम निवडा, आतल्या सगळ्या सेव्हवर टिक करा आणि Copy. काही गेम एकच फाइल ठेवतात, काही प्रत्येक स्लॉटची वेगळी फाइल ठेवतात आणि सेटिंग्जची अजून एक, म्हणून निवडत बसू नका, सगळंच घ्या, जागा फार लागत नाही.

सावधान: पीएस४ ला बाहेरून मोठी हार्ड डिस्क लावली असेल आणि सगळे गेम त्यावर असतील तर असं वाटतं की सेव्ह पण त्यातच असणार. नसतात. एक्स्टेंडेड स्टोरेजवर फक्त गेम आणि त्यांचे अॅड-ऑन जातात, सेव्ह कायम कन्सोलच्या आतच राहतात. हार्ड डिस्क काढून पीएस५ ला लावली, पीएस४ फॉरमॅट केला आणि सगळे सेव्ह गेले, हा प्रकार फार लोकांच्या बाबतीत होतो. आणि ती हार्ड डिस्क सेव्ह कॉपी करायला सुद्धा चालत नाही कारण तिचं फॉरमॅटिंग वेगळं असतं, त्यासाठी वेगळा पेन ड्राइव्हच लागतो.

तपासा: पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावून बघा. त्यात `PS4` आणि त्याच्या आत `SAVEDATA` फोल्डर दिसेल, त्यात तुमच्या अकाउंटचं एक लांबलचक नावाचं फोल्डर आणि त्याच्या आत `CUSA` ने सुरू होणारी फोल्डरं, प्रत्येक गेमचं एक. काहीही रिनेम करू नका, फोल्डर इकडचं तिकडे हलवू नका, पूर्ण फोल्डर जसंच्या तसं कॉम्प्युटरवर अजून एक कॉपी करून ठेवा.

हा `CUSA` नंबर लक्षात ठेवा, कारण एक विचित्र वाटणारी अडचण त्याच्यामुळेच होते. एकाच गेमच्या वेगवेगळ्या रीजनच्या आवृत्त्यांचे नंबर सहसा वेगळे असतात. तुमच्याकडे एका रीजनची डिस्क होती आणि आता तुम्ही दुसऱ्या रीजनच्या अकाउंटवरून तोच गेम डिजिटल घेतला, तर नाव तेच, चित्र तेच, पण सेव्ह बहुतेक वेळा दिसणार नाही कारण कन्सोलच्या दृष्टीने तो वेगळाच गेम आहे. अॅड-ऑनचंही तसंच, डिस्क एका रीजनची आणि डीएलसी दुसऱ्या रीजनच्या स्टोअरमधून घेतलेलं असेल तर ते जुळत नाही.

### पीएस प्लस असेल तर

पीएस प्लसवाल्यांना पीएस४ च्या सेव्हसाठी १०० जीबी क्लाउड मिळतं. पण "माझं तर ऑटो अपलोड चालू आहे" यावर विसंबू नका. पीएस४ मध्ये ऑटो अपलोड होतं ते कन्सोल रेस्ट मोडमध्ये असताना, आणि रेस्ट मोडमध्ये इंटरनेट चालू ठेवायचं सेटिंग ऑन असेल तरच. जे लोक खेळून झालं की कन्सोल पूर्ण बंद करतात त्यांचा क्लाउडवरचा सेव्ह कित्येक महिने जुना असू शकतो. त्यामुळे वरच्याच मेनूत Upload to Online Storage मध्ये जाऊन हाताने अपलोड करा आणि तारीख वाचा.

सबस्क्रिप्शन संपलं की क्लाउडवरचे सेव्ह डाउनलोड करता येत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या पुढे ते राहतील याची खात्री नाही. म्हणून क्लाउड हे ने-आण करायचं साधन समजा, कायमची तिजोरी नाही.

## ३. पीएस५ चालू केल्यावर कशाला हात लावायचा नाही

पीएस५ सेटअप करा, त्याच अकाउंटने साइन इन व्हा, सिस्टम अपडेट करा. आणि थांबा. कुठलाही जुना गेम लगेच सुरू करू नका.

कारण असं, सेव्ह यायच्या आधी गेम उघडला की तो नवीन सेव्ह बनवतो, अगदी पाच मिनिटं खेळलात तरी. मग तुम्ही जुना सेव्ह आणायला गेलात की कन्सोल विचारतो की आधीचा सेव्ह ओव्हरराइट करू का, आणि घाईत चुकीचं बटण दाबलं जातं. त्याहून वाईट म्हणजे सिंक चालू असेल तर तो पाच मिनिटांचा रिकामा सेव्ह क्लाउडवर जाऊन तुमच्या खऱ्या सेव्हच्या जागी बसू शकतो. म्हणून सेव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी ऑटो सिंक बंद करा, सगळं जागेवर आलं की परत चालू करा.

## ४. सेव्ह पीएस५ वर आणणे

पेन ड्राइव्हने: पीएस५ वर

```
Settings > Saved Data and Game/App Settings
> Saved Data (PS4)
```

इथे यूएसबी ड्राइव्हचा ऑप्शन आहे, त्यातून सेव्ह कन्सोलच्या स्टोरेजवर कॉपी करा. यादी रिकामी दिसली तर घाबरू नका, नव्वद टक्के वेळा तुम्ही दुसऱ्या युजरने लॉग इन असता. ज्याचा सेव्ह आहे त्याच अकाउंटने लॉग इन झाल्यावरच तो दिसतो.

क्लाउडने: त्याच मेनूत क्लाउड स्टोरेज आहे, तिथून डाउनलोड करा. ओव्हरराइट विचारलं तर दोन्हीकडची तारीख वाचून मगच हो म्हणा.

थेट ट्रान्सफर: गेम पण हलवायचे असतील आणि इंटरनेट हळू असेल तर हा मार्ग चांगला. दोन्ही कन्सोल एकाच नेटवर्कवर, दोन्हीकडे तेच अकाउंट. पीएस५ वर `Settings > System > System Software > Data Transfer`. स्क्रीनवर सांगितल्यावर पीएस४ चं पॉवर बटण बीप ऐकू येईपर्यंत साधारण एक सेकंद दाबून धरायचं, त्यासाठी ३०० सेकंद मिळतात. वायफायवर हे फार वेळ खातं, दोन्ही कन्सोलच्या मध्ये एक लॅन केबल टाकली तर खूप फरक पडतो. काय काय हलवायचं याची यादी येते, तिथे सेव्ह सगळे निवडा, गेम मात्र फक्त तेच जे लगेच खेळणार आहात.

आणि हे ट्रान्सफर अगदी सुरुवातीलाच करा. पीएस५ वर आठवडाभर खेळून मग "राहिलेलं आणू" म्हणून परत चालवलं तर जुने सेव्ह नव्यावर चढायची भीती असते.

तपासा: Saved Data (PS4) मध्ये कन्सोल स्टोरेजची यादी उघडा आणि पेन ड्राइव्हवरच्या यादीशी गेम मोजून जुळवा.

## ५. गेम आणि खरेदी

डिजिटल गेम Game Library मध्ये Your Collection खाली दिसतील, तिथून डाउनलोड. बाहेरची हार्ड डिस्क होती तर पीएस४ वर आधी सेटिंगमधून ती वापरणं थांबवा आणि मगच काढा, तशीच ओढू नका. मग ती पीएस५ ला लावली की पीएस४ चे गेम थेट तिच्यावरून चालतात, परत डाउनलोड लागत नाही. पीएस५ च्या आवृत्त्या मात्र यूएसबी डिस्कवरून चालत नाहीत, त्या आतल्या स्टोरेजवर किंवा आत बसवलेल्या एम.२ एसएसडीवरच लागतात.

डिस्कचे गेम असतील तर डिस्क ड्राइव्ह असलेला पीएस५ पाहिजे, त्याला पर्याय नाही. सुरुवातीच्या डिजिटल एडिशनवर डिस्क चालतच नाही, आणि नंतरच्या स्लिम डिजिटल एडिशनमध्ये आणि पीएस५ प्रोमध्ये ड्राइव्ह बॉक्समध्ये येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. डिस्क तुमच्याकडे आहे म्हणून डिजिटल कॉपी मिळत नाही. पीएस४ च्या डिस्कवर पीएस५ चं अपग्रेड घेतलं तरी दर वेळी खेळताना ती डिस्क आत लागते, त्यामुळे अपग्रेड झालं म्हणून डिस्क विकून टाकू नका.

पीएस प्लसमधून मिळवलेले गेम सबस्क्रिप्शन चालू असेपर्यंतच उघडतात. ते Library मध्ये दिसतात म्हणून विकत घेतलेत असं धरू नका.

विकत घेतलेल्या गेमवर कुलूप दिसलं तर परत पैसे भरायच्या आधी हे करा:

```
Settings > Users and Accounts > Other > Restore Licenses
```

बहुतेक कुलपं यानेच निघतात. घरातले बाकीचे लोक तुमचे गेम खेळणार असतील तर त्याच Other मध्ये Console Sharing and Offline Play चालू आहे का बघा, हे एका अकाउंटसाठी एकाच पीएस५ वर चालू ठेवता येतं.

## ६. सगळ्यात जास्त फसायची जागा: पीएस४ आवृत्ती आणि पीएस५ आवृत्ती

इथे नीट लक्ष द्या. एखादा गेम पीएस५ वर दोन रूपांत चालू शकतो, जुनी पीएस४ ची आवृत्ती आणि वेगळी पीएस५ ची आवृत्ती. पीएस४ ची आवृत्ती टाकलीत तर तुमचा सेव्ह सरळ चालतो, काहीच करावं लागत नाही. पण पीएस५ ची आवृत्ती हा कन्सोलसाठी वेगळा गेम आहे आणि तिचा सेव्हही वेगळा, पीएस४ चा सेव्ह ती आपोआप उचलत नाही. म्हणूनच Saved Data मध्ये PS4 आणि PS5 असे दोन वेगळे भाग आहेत. तुम्ही सगळं बरोबर केलेलं असतं, सेव्ह कन्सोलवर व्यवस्थित असतो, आणि तरी गेममध्ये New Game दिसतं. सेव्ह गेलेला नसतो, तो फक्त गेमच्या आतून ओढून घ्यायचा बाकी असतो.

ओढायचे दोन प्रकार आहेत, दोन्ही एकेका गेमवर बघू.

पहिला प्रकार, घोस्ट ऑफ त्सुशिमा. समजा तुमच्याकडे पीएस४ ची डिस्क आहे आणि तुम्ही पैसे भरून पीएस५ च्या डायरेक्टर्स कटवर गेलात. पीएस४ चा सेव्ह चौथ्या पायरीप्रमाणे पीएस५ च्या स्टोरेजवर आणा. मग पीएस५ चा गेम उघडा, टायटल मेनूमध्येच पीएस४ चा सेव्ह ट्रान्सफर करायचा ऑप्शन आहे, तो घ्या. म्हणजे इथे सेव्ह कन्सोलवर पडलेला असला की पुरतं, जुन्या गेममध्ये जावं लागत नाही.

दुसरा प्रकार, फायनल फँटसी ७ रिमेक. इथे सेव्ह नुसता कन्सोलवर असून भागत नाही. पीएस४ चा गेम अपडेट करून उघडायचा, त्याच्या मेन मेनूत सेव्ह अपलोड करायचा ऑप्शन आहे तो करायचा, आणि मग पीएस५ च्या आवृत्तीत, म्हणजे इंटरग्रेडमध्ये जाऊन मेनूतूनच तो डाउनलोड करायचा. हे अपलोड गेमच्या आतलं आहे, पीएस प्लसच्या क्लाउडचं वेगळं, दोन्ही एकच समजू नका. मार्व्हल्स स्पायडर-मॅन: माइल्स मोरालेस मध्येही असंच आधी पीएस४ च्या आवृत्तीतून अपलोड करावं लागतं.

खरेदीच्या बाजूने पण फायनल फँटसी ७ रिमेक हेच चांगलं उदाहरण आहे. पीएस४ चा गेम विकत घेतलेल्यांना पीएस५ ची आवृत्ती फुकट मिळते पण युफी या पात्राचा नवीन भाग त्यात नाही, तो वेगळा घ्यायचा, आणि तो फक्त पीएस५ च्या आवृत्तीसाठी आहे. अपग्रेड फुकट, अपग्रेड विकत आणि अपग्रेडच नाही, असे तिन्ही प्रकार असतात, म्हणून स्टोअरमध्ये "Buy" दाबायच्या आधी गेमच्या पानावर तुमच्या अकाउंटला काय भाव दाखवतोय ते वाचा. अपग्रेडचा ऑप्शन न बघता पूर्ण पीएस५ ची आवृत्ती परत विकत घेणारे कमी नाहीत.

आता पीएस४ आधीच विकून झालाय आणि गेम दुसऱ्या प्रकारचा निघाला तर? पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर सेव्ह असेल तर अजून मार्ग आहे. पीएस४ ची आवृत्ती पीएस५ वरच टाका, गेमच्या पानावर तीन टिंबांचा मेनू आहे त्यातून आवृत्ती निवडता येते. त्यात सेव्ह लोड होतोय का बघा, तिथूनच अपलोड करा, मग पीएस५ ची आवृत्ती टाकून डाउनलोड करा. दोन डाउनलोड होतात पण सेव्ह वाचतो.

तपासा: गेमच्या नावाजवळ PS4 लिहिलंय का PS5 ते बघा. हार्ड डिस्कवरून किंवा ट्रान्सफर करून आणलेला गेम हमखास पीएस४ चाच असतो, आणि लोक महिनोन्महिने तोच खेळत राहतात, फुकट मिळणारी पीएस५ ची आवृत्ती तशीच पडून असते.

## ७. जुना पीएस४ सगळ्यात शेवटी

प्रत्येक गेम पीएस५ वर उघडा आणि सेव्ह खरोखर लोड करा. यादीत नाव दिसणं पुरेसं नाही, आत जाऊन तुमचा कॅरॅक्टर, त्याची लेव्हल, शेवटची जागा डोळ्यांनी बघा. गेम खूप असतील तर निदान जे अर्धे राहिलेत ते तरी. हे होईपर्यंत पीएस४ कुणाला देऊ नका, विकणाऱ्याने दोन आठवडे थांबलं तर काही बिघडत नाही.

पीएस४ वर काढलेले स्क्रीनशॉट आणि क्लिप हवे असतील तर ते Capture Gallery मधून पेन ड्राइव्हवर वेगळे कॉपी करा, सेव्हच्या कॉपीत ते येत नाहीत.

मग `Settings > Account Management > Activate as Your Primary PS4` मध्ये जाऊन Deactivate करा, आणि त्यानंतरच `Settings > Initialization > Initialize PS4`. डिअॅक्टिव्हेट करायचं राहिलं आणि कन्सोल हातातून गेला, तर वेबवरून सगळी डिव्हाइसेस एकदम डिअॅक्टिव्हेट करता येतात पण ती सोय सहा महिन्यांतून एकदाच मिळते.

सेव्हचा पेन ड्राइव्ह मात्र पुसू नका. पीएस५ वर ऑटो सिंक परत चालू करायला विसरू नका, कारण पीएस५ गेमचे सेव्ह पेन ड्राइव्हवर एकेक करून कॉपी करता येत नाहीत. त्यांच्यासाठी पीएस प्लसचं क्लाउड आहे, आणि ते नसेल तर `Settings > System > System Software > Back Up and Restore` मधून यूएसबी डिस्कवर बॅकअप घ्यावा लागतो.